कोसाइनचा छोटा तुकडा कापला की स्पेक्ट्रममध्ये एक रेघ न येता दोन डोंगर का येतात

१००० हर्ट्झचा कोसाइन अनादी काळापासून अनंतापर्यंत चालू असेल तर त्याचा फुरिए ट्रान्सफॉर्म म्हणजे दोन बारीक रेघा, एक +१००० वर आणि एक −१००० वर, बाकी सगळीकडे शून्य, आणि हे बहुतेकांनी वर्गात पाहिलेलं असतं. आता त्याच कोसाइनचा फक्त १० मिलिसेकंदांचा तुकडा ठेवा, आधी काही नाही, नंतर काही नाही. तुकड्याच्या आत तर अजूनही शुद्ध १००० हर्ट्झच आहे ना, दहा पूर्ण सायकल आहेत, एकही वाकडीतिकडी नाही, मग स्पेक्ट्रममध्ये तेवढीच फ्रिक्वेन्सी दिसायला पाहिजे असं कुणालाही वाटेल. पण तसं होत नाही. रेघेच्या जागी एक रुंद डोंगर येतो, त्याच्या दोन्ही बाजूंना लहान होत जाणाऱ्या लाटा येतात, आणि असाच एक डोंगर उणे बाजूलाही. हा आकार कुठून येतो ते मला इथं सूत्र आधी न फेकता सांगायचंय, कारण सूत्र दोन ओळींचं आहे आणि पाठही होतं, पण डोंगर नेमका ९०० आणि ११०० लाच का संपतो हे त्यातून पटकन डोक्यात बसत नाही.

फुरिए ट्रान्सफॉर्म प्रत्यक्षात काय करतो? तुम्ही एक चाचणीची फ्रिक्वेन्सी निवडता, समजा f, त्या फ्रिक्वेन्सीच्या लाटेनं सिग्नलला क्षणाक्षणाला गुणता, आणि जे येईल त्याखालचं क्षेत्रफळ काढता, वरचं अधिक, खालचं उणे. ते क्षेत्रफळ म्हणजे त्या f वरचं उत्तर. खरं तर कोसाइन आणि साइन दोघांनी गुणायचं असतं, पण आपण तुकडा शून्य वेळेभोवती सारखा ठेवू, −५ ते +५ मिलिसेकंद, म्हणजे साइनवाला भाग दोन्ही बाजूंनी एकमेकाला खाऊन टाकतो आणि फक्त कोसाइनचा हिशोब उरतो. आता शाळेतलं एकच सूत्र लागतं, दोन कोसाइनचा गुणाकार म्हणजे त्यांच्या फ्रिक्वेन्सीच्या फरकाचा अर्धा कोसाइन अधिक बेरजेचा अर्धा कोसाइन. बस, पुढचं सगळं यातून निघतं.

पहिली चाचणी १००० हर्ट्झची घ्या. फरक शून्य, म्हणजे पहिला भाग नुसता सपाट अर्धा, आणि त्याचं १० मिलिसेकंदांतलं क्षेत्रफळ ०.००५. बेरीज २०००, त्या लाटेच्या १० मिलिसेकंदांत बरोबर वीस सायकल बसतात, प्रत्येक सायकलचा वरचा अर्धा खालच्या अर्ध्यानं फिटतो, क्षेत्रफळ शून्य. उत्तर ०.००५. हे डोंगराचं टोक.

आता ११०० हर्ट्झ. फरक १०० हर्ट्झ, म्हणजे १० मिलिसेकंदांत बरोबर एक सायकल, वरचं खालचं फिटलं, शून्य. बेरीज २१००, एकवीस सायकल, तीही शून्य. उत्तर शून्य! इथं जरा थांबून बघा काय झालं ते. ११०० ची चाचणी शून्य आली याचा अर्थ 'सिग्नल त्या फ्रिक्वेन्सीपासून लांब आहे' असा अजिबात नाही, अर्थ एवढाच की तुकडा संपेपर्यंत चाचणीची लाट आपल्या लाटेच्या बरोबर एक पूर्ण सायकल पुढे गेली, त्यामुळं अर्धा वेळ जुळली आणि अर्धा वेळ विरोधात गेली. ९०० ला तेच, फक्त एक सायकल मागे. आणि १२०० ला दोन सायकल, ८०० ला दोन, परत शून्य. म्हणजे शून्याच्या जागा १०० हर्ट्झच्या अंतरानं येतात, कारण १०० हे १ भागिले ०.०१ सेकंद आहे. दुसरं काही कारण नाही.

मधल्या जागी काय होतं? १०५० घ्या. फरक ५० हर्ट्झ, तुकड्यात अर्धीच सायकल बसते, कोसाइनचा वरचा अख्खा उंचवटा, सगळं अधिक, खाली जायला वेळच मिळत नाही. अशा उंचवट्याची सरासरी २/π, म्हणजे ०.६३७, तर उत्तर ०.००५ च्या साधारण ६४ टक्के. म्हणजे १००० पासून ५० हर्ट्झ सरकूनही अजून जवळजवळ दोन तृतीयांश उंची शिल्लक आहे, दहा मिलिसेकंदांत त्या दोन लाटांना एकमेकांपासून वेगळं व्हायला पुरेसा वेळच नाही. आणि ११५० ला दीड सायकल बसते, आता दोन्ही टोकांचे खालचे भाग मधल्या वरच्या भागावर भारी पडतात आणि उत्तर उणे येतं, टोकाच्या साधारण २१ टक्के. नंतर शून्य, मग लहान अधिक, परत शून्य, लहान उणे, असं चालू राहतं, कारण जितक्या जास्त सायकल बसतात तितकं आधीचं सगळं फिटून जातं आणि शेवटचा न फिटलेला तुकडा बारीक होत जातो.

हाच आकार म्हणजे सिंक. T म्हणजे तुकड्याची लांबी सेकंदांत आणि f0 म्हणजे आपल्या कोसाइनची फ्रिक्वेन्सी धरून आता सूत्र लिहिलं तर त्यातला प्रत्येक भाग ओळखीचा वाटेल:

```
X(f) = (T/2) · [ sinc((f − f0)·T) + sinc((f + f0)·T) ]
sinc(u) = sin(πu) / (πu)
```

(f − f0)·T म्हणजे काय? तर तुकड्याच्या काळात चाचणीची लाट किती सायकल पुढे गेली तो आकडा, आत्ता आपण बोटांवर मोजत होतो तोच. तो पूर्णांक झाला की शून्य, फक्त ० सोडून, तिथं टोक. एक बारीकशी तक्रार इथंच करून टाकतो, काही पुस्तकांत सिंक sin(x)/x असा π शिवाय लिहितात आणि काहींत π सकट, NumPy चा np.sinc π सकट आहे, आणि दोन्हींची सरमिसळ केली की शून्याच्या जागा ३.१४ पटीनं चुकतात. तुमचा डोंगर ९०० ते ११०० ऐवजी ६८६ ते १३१४ असा आला तर दुसरीकडे कुठं शोधत बसू नका.

दुसरा डोंगर कुठून आला हेही आता दिसतं. आपण प्रत्येक वेळी 'बेरजेचा भाग' म्हणून जो शून्य धरत होतो, तोच तो. चाचणीची फ्रिक्वेन्सी −१००० घेतली तर बेरीज शून्य होते आणि फरक −२००० होतो, दोघांनी भूमिका बदलल्या, आणि टोक उणे बाजूला उभं राहतं. उणे फ्रिक्वेन्सी ऐकून बरेच जण बिचकतात. प्रत्यक्षात उणे वेगानं थरथरणारं काही नसतं, पण ट्रान्सफॉर्म ज्या लाटांनी मोजतो त्या गोल फिरणाऱ्या असतात, e च्या घातात i असलेल्या, आणि फिरणं दोन दिशांनी होऊ शकतं. वास्तव कोसाइन म्हणजे एक अर्धा बाण डावीकडे फिरतोय आणि एक अर्धा उजवीकडे, दोघांची काल्पनिक बाजू एकमेकाला खाते आणि आडवी बाजू उरते. त्यामुळं प्रत्येक डोंगराची उंची T न येता T/2 येते, वाटणी झाली ना.

आता T बदलून बघू. तुकडा १० ऐवजी १०० मिलिसेकंदांचा केला की शून्यं ९९० आणि १०१० ला येतात, डोंगर दहापट अरुंद, आणि टोक ०.०५, दहापट उंच. एका सिंकच्या खालचं पूर्ण क्षेत्रफळ मात्र दोन्ही वेळा अर्धंच राहतं. T वाढवत नेलं की डोंगर बारीक आणि उंच होत शेवटी ती वर्गातली रेघ होते, तिचं वजन अर्धं का सांगतात तेही यातूनच कळतं. आणि f0 बदलला तर? १००० ऐवजी ५००० हर्ट्झचा कोसाइन १० मिलिसेकंद घ्या, डोंगर उचलून ५००० वर जातो, रुंदी तीच, ४९०० ते ५१००. पन्नास सायकल बसल्या म्हणून डोंगर अरुंद होईल असं खूप जणांना वाटतं, पण हर्ट्झमध्ये मोजलं तर सायकलींचा काही संबंध नाही, फक्त वेळेचा आहे. (टक्क्यांत मोजलं तर आहे, ५००० च्या तुलनेत १०० हर्ट्झ कमी टक्के आहेत, पण तो वेगळा प्रश्न.)

हे सगळं वाचून कुणी लगेच कॉम्प्युटरवर करून बघेल, ४८००० चा सॅम्पल रेट, १० मिलिसेकंद म्हणजे ४८० सॅम्पल, त्यांचा FFT, आणि स्क्रीनवर येईल १००० वर एकच खणखणीत खांब, बाकी सगळं शून्य. डोंगर कुठाय, लाटा कुठायत, की वरचं सगळं खोटं? नाही. ४८० सॅम्पलचा FFT उत्तर फक्त दर १०० हर्ट्झला देतो, ०, १००, २००, असं. आणि आपली शून्यं कुठं आहेत, बरोबर त्याच जागी. म्हणजे FFT ने डोंगराला फक्त टोकावर आणि शून्यांवर हात लावला, मधलं काही पाहिलंच नाही. सिग्नल १०५० हर्ट्झचा करा, दहा मिलिसेकंदांत साडेदहा सायकल, आणि तोच FFT एकदम घाण दिसतो, १००० वर ६४ टक्के, ११०० वर ६४ टक्के, ९०० आणि १२०० वर २१ टक्के, पुढं १३ टक्के, आणि १०५० वर तर खांबच नाही कारण तिथं मोजलंच जात नाही. याला लीकेज म्हणतात आणि लोक समजतात की साडेदहा सायकलमुळं काहीतरी बिघडलं. बिघडलं काही नाही, डोंगर तोच आहे, फक्त पन्नास हर्ट्झ सरकलाय आणि आता मोजायच्या जागा शून्यांवर न पडता मधल्या चढउतारांवर पडतायत. उलट पहिलं चित्र फसवं होतं.

पूर्ण आकार बघायचा असेल तर तुकड्याच्या मागं शून्यं जोडून लांब FFT घ्यायचा:

```python
import numpy as np
fs = 48000
t = (np.arange(480) - 239.5) / fs
x = np.cos(2*np.pi*1000*t)
X = np.abs(np.fft.rfft(x, 48000)) / fs
print(X[900], X[1000], X[1050], X[1100])
```

इथं प्रत्येक जागा १ हर्ट्झची आहे, म्हणून X[900] म्हणजे थेट ९०० हर्ट्झवरचं उत्तर. ९०० आणि ११०० ला राउंडिंगपुरता कचरा सोडून शून्य, १००० ला ०.००५, १०५० ला साधारण ०.००३३. आपल्या हिशोबानं १०५० ला ०.००५ गुणिले ०.६३७ म्हणजे ०.००३१८ यायला हवं होतं, थोडं जास्त आलं, ते का ते पुढं येतंय. शून्यं जोडल्यानं एक गोष्ट मात्र होत नाही, डोंगर अरुंद होत नाही. १००० आणि १०५० असे दोन सूर एकत्र असलेला १० मिलिसेकंदांचा तुकडा घेतला तर दहा लाख शून्यं जोडा, दोन डोंगर एकमेकांत मिसळलेलेच राहणार. वेगळे करायचे असतील तर तुकडाच लांब पाहिजे.

बाजूच्या लाटांना साइडलोब म्हणतात. पहिला साइडलोब टोकापासून १.४३ भागिले T वर असतो, आपल्याकडे साधारण ८५७ आणि ११४३ हर्ट्झला, आणि उंची टोकाच्या २१.७ टक्के, डेसिबलमध्ये −१३.३. हा आकडा T वर अवलंबून नाही, तुकडा कितीही लांब करा पहिला साइडलोब −१३.३ डेसिबलच राहतो, फक्त टोकाच्या जवळ सरकतो. 'लांब तुकडा घेतला की साइडलोब लहान होतील' या भरवशावर राहू नका. ते लहान करायचे तर कापायची पद्धत बदलावी लागते, कारण साइडलोब येतात ते कडांमुळं, कोसाइन एकदम चालू आणि एकदम बंद. टेलिग्राफीच्या रेडिओवाल्यांना हे फार जुनं ठाऊक आहे, कॅरिअर, म्हणजे रेडिओची मूळ लाट, खटकन चालूबंद केला की शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर टकटक ऐकू जाते, त्याला की-क्लिक म्हणतात, आणि उपाय म्हणजे काही मिलिसेकंदांचा हळू चढ आणि हळू उतार. हॅन विंडो तेच पूर्ण तुकडाभर करते, पहिला साइडलोब −३१.५ डेसिबलवर जातो पण बदल्यात डोंगर दुप्पट रुंद होतो, ९०० ते ११०० ऐवजी ८०० ते १२००. दोन्ही एकदम मिळत नाही.

आणि काही ठिकाणी तर ही कडक कापणीच हवी असते. एलटीईमध्ये, म्हणजे ४जी मोबाइलमध्ये, सबकॅरिअर, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या शेजारशेजारच्या लाटा, १५ किलोहर्ट्झच्या अंतरावर ठेवलेत आणि एका सिम्बॉलचा उपयोगी काळ ६६.७ मायक्रोसेकंद, गुणून बघा, बरोबर १. म्हणजे प्रत्येक डोंगराचं टोक बाकी सगळ्यांच्या शून्यावर उभं असतं, डोंगर एकमेकांत घुसलेले असूनही रिसीव्हर बरोबर त्या जागी मोजतो म्हणून गोंधळ होत नाही. रिसीव्हरची फ्रिक्वेन्सी थोडी सरकली की लगेच शेजारचा डोकावायला लागतो.

आता ते १०५० वरचं थोडं जास्त. ते उणे डोंगराची शेपटी. −१००० वरच्या डोंगराच्या लाटा कुठंच पूर्ण थांबत नाहीत, फक्त अंतराप्रमाणे बारीक होतात, आणि १०५० ला पोचेपर्यंत त्या २०.५ सायकल लांब असतात, तिथं सिंकची किंमत ०.०१५५, म्हणजे टोकाच्या दीड टक्का, तेवढंच आपल्या आकड्यात मिसळलं. १००० वर ती शेपटी बरोबर शून्य आहे, पण शून्यातून तिरकी जातेय, आणि त्या उतारामुळं बेरजेचं टोक १००० वर न राहता १००१.५ च्या आसपास जातं. वरच्या कोडमध्ये X.argmax() छापून बघितलंत तर १००० येत नाही ते यामुळंच, त्यात बग शोधू नका.

दहा सायकलला दीड हर्ट्झ म्हणजे कुणाला फिकीर नाही. पण फक्त दोन सायकल ठेवा, १००० हर्ट्झ, २ मिलिसेकंद. आता शून्यं ५०० हर्ट्झच्या अंतरावर, उणे डोंगर अधिक डोंगरापासून फक्त चार शून्यं लांब, आणि शून्यांच्या अंतरात मोजला तर त्याच्या शेपटीचा उतार पाचपट जोरदार. टोक जातं साधारण १०३६ वर. आणि गंमत म्हणजे कोसाइनऐवजी साइनच्या दोन सायकल घेतल्या, म्हणजे मध्यावर टोक असण्याऐवजी मध्यावर शून्य, तर उणे डोंगराचं चिन्ह उलटतं, बेरजेची वजाबाकी होते, आणि टोक १००० च्या खाली, साधारण ९६१ वर जातं. कॅरिअर दोन्हींत तोच १०००, लांबी तीच, फक्त फेज वेगळा, आणि टोकांमध्ये पाऊणशे हर्ट्झचा फरक. म्हणून छोट्या पल्समध्ये 'स्पेक्ट्रमचं टोक म्हणजे कॅरिअर' असं धरून मोजमाप केलं की फसायला होतं, आणि कितीही शून्यं जोडून टोक बारीक शोधलं तरी ते चुकीच्याच जागी बारीक सापडतं. सिग्नल मिळवताना I आणि Q, म्हणजे कोसाइनवाला आणि साइनवाला भाग, असे दोन्ही चॅनल घेतले तर उणे डोंगर तिथंच गळतो आणि ही भानगड राहत नाही.

अजून कापा. अर्धीच सायकल, ०.५ मिलिसेकंद, कोसाइनचा नुसता वरचा एक उंचवटा. प्रत्येक सिंक आता मध्यापासून दोन्हीकडे २००० हर्ट्झ पसरलेला आहे, आणि दोघांचे मध्य एकमेकांपासून २००० हर्ट्झवरच, म्हणजे प्रत्येक जण दुसऱ्याच्या टोकाला जेमतेम शून्य होतोय. शून्य हर्ट्झवर दोघांचे ०.६३७ मिळून १.२७, एकट्या टोकापेक्षा जास्त, आणि ±१००० वर फक्त १. दोन डोंगर उरलेच नाहीत, एकच डोंगर आहे, त्याचं टोक शून्यावर आणि पहिलं शून्य ३००० हर्ट्झला. बाहेरच्या लाटा तर एकमेकांना खातात, त्यामुळं साइडलोब −१३ ऐवजी −२३ डेसिबलच्या आसपास पडतो. या स्पेक्ट्रमकडे बघून कॅरिअर १००० हर्ट्झचा होता हे कुणालाही टोकावरून सांगता येणार नाही.